मक्तेदाराचा दर बांधला की माल वाढतो, तो का?

*प्रश्न: एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. एका प्रकरणात शिकलो की सरकारनं बाजारभावाच्या खाली कमाल दर ठरवला की टंचाई होते. पुढच्याच प्रकरणात म्हटलंय की मक्तेदारावर कमाल दर लावला तर उत्पादन वाढतं आणि किंमतही उतरते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि नफा कमी होत असताना मालक जास्त माल विकायला तयार का होईल?*

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की पहिला आपोआप सुटतो. दरनिश्चितीच्या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली. सुनावणीत बसलेले चांगले शिकलेले लोकही नेमके इथेच अडखळतात. त्यांच्या डोक्यात असतं, ‘दर कमी म्हणजे उत्साह कमी, उत्साह कमी म्हणजे माल कमी.’ शेकडो विक्रेते असलेल्या बाजारात हे बरोबर आहे. एकट्या विक्रेत्याला मात्र माल रोखून धरण्याचं एक वेगळंच कारण असतं, आणि कमाल दर त्या कारणावरच घाव घालतो.

आकडे घेऊन बघू. कोकणातली एक खाडी समजा. पलीकडे जायला एकच लाँच, जेट्टीचा परवाना एकाच मालकाकडे, आणि रस्त्यानं वळसा घालायचा तर दोन तास. तिकिटाच्या दरावर कोणाचंही बंधन नाही. तिकीट ६० रुपये ठेवलं तर कुणीच येत नाही, आणि ६० पासून प्रत्येक रुपया उतरवला की दिवसाला २० प्रवासी वाढतात. म्हणजे ४० रुपयांना ४०० प्रवासी, ३० रुपयांना ६००.

आता खर्च. पहिल्या प्रवाशामागे डिझेल, खलाशांची मजुरी वगैरे मिळून १५ रुपये पडतात. प्रवासी वाढले की खेपा वाढतात, ओहोटीला लांबून फिरून जावं लागतं, खलाशांना जादा वेळेचे पैसे द्यावे लागतात. त्यामुळे प्रत्येक पुढच्या प्रवाशाचा खर्च थोडा थोडा चढत जातो: ४०० व्या प्रवाशाला २० रुपये, ६०० व्याला साडेबावीस, ७२० व्याला २४. (प्रत्यक्षात हा खर्च खेपेनुसार टप्प्याटप्प्यानं वाढेल, पण हिशोबापुरता सरळ रेषेत धरू.) याशिवाय बोटीचा हप्ता, विमा, परवाना असा दिवसाचा ३,५०० रुपये ठरलेला खर्च आहे. बोट रिकामी गेली तरी तो चुकत नाही.

बंधन नसताना मालक काय करेल? तो ४० रुपये लावेल आणि ४०० माणसं नेईल. हे पटवून घेण्यासाठी त्याला एक रुपया कमी करायला लावून बघा. तिकीट ३९ झालं की २० नवे प्रवासी आले, त्यांचे ७८० रुपये. पण जे ४०० लोक आधीच ४० रुपये देत होते, तेही आता ३९ देणार. तिथे ४०० रुपये गेले. उरले ३८०. या २० जणांना पलीकडे न्यायचा खर्च मात्र ४०२ रुपये ५० पैसे. साडेबावीस रुपयांचा तोटा. उलट तिकीट ४१ केलं तरीही तेवढाच तोटा होतो; करून बघा. म्हणून तो ४० वर थांबतो.

यातली गंमत सोडू नका. ४०१ व्या प्रवाशाला न्यायला खर्च फक्त २० रुपये आहे. तो प्रवासी जवळपास ४० रुपये द्यायला तयार आहे. तरी मालक त्याला नेत नाही. जागा नाही म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणूनही नव्हे. त्याला घ्यायचं तर आधीच्या चारशेंनाही सूट द्यावी लागते म्हणून. पुस्तकात ‘सीमांत प्राप्ती किमतीपेक्षा कमी असते’ असं एक कोरडं वाक्य असतं, त्याचा अर्थ एवढाच.

(तो प्रत्येकाकडून वेगळे पैसे घेऊ शकला असता, म्हणजे रोजच्यांना मासिक पास आणि पर्यटकांना पूर्ण तिकीट, तर ही अडचण बरीच सैल झाली असती आणि त्यानं आपणहून जास्त माणसं नेली असती. इथे सर्वांना एकच दर आहे असं गृहीत धरलंय. परीक्षेत हे गृहीतक लिहायला विसरू नका.)

आता जेट्टीवर फलक लागला: तिकीट ३० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. त्या चारशे लोकांना द्यावी लागणारी सूट मालकाला जिवावर आली होती. ती फलकानं देऊन टाकली, मालकाला विचारलंच नाही. झालेलं नुकसान झालं, ते आता त्याच्या निर्णयावर अवलंबून नाही. पुढचा प्रश्न: ४०१ वा प्रवासी घ्यायचा की नाही? तो ३० रुपये देतो, खर्च २० रुपये. त्याला घेतल्यानं बाकी कुणाचं तिकीट एका पैशानंही उतरत नाही, कारण ते ३० वरच बांधलेलं आहे. निव्वळ १० रुपये पदरात. ४०२ वा तसाच. ५०० वा तसाच. असं करत ६०० पर्यंत जायचं. शेवटच्या माणसाचा खर्च साडेबावीस, म्हणजे त्याच्यामागेही साडेसात रुपये सुटतात. सहाशेच्या पुढे मात्र ३० रुपये देणारं कुणी उरत नाही. आणखी प्रवासी हवे असतील तर तिकीट २९ करावं लागेल, आणि मग जुनंच दुखणं परत येतं: २९ ला ६२० प्रवासी म्हणजे १७,९८० रुपये, तर ३० ला ६०० प्रवाशांचे १८,००० होते. माणसं जास्त, गल्ला कमी. म्हणून तो ६०० वर थांबतो.

मालकाचा नफा बघितला तर आधी रोज ५,५०० रुपये होता, आता ३,२५० आहे. तुम्ही विचारलं होतं की नफा घटत असताना तो जास्त माल का विकेल. तो ‘आधीचा नफा विरुद्ध आताचा नफा’ अशी निवड करतच नाही. ती निवड त्याच्या हातून गेली. त्याच्या हातात आहे ती ‘३० रुपयांत ४०० माणसं’ की ‘३० रुपयांत ६०० माणसं’ ही निवड. रागानं तो ४०० वरच अडून बसला तर त्याला ३,२५० ऐवजी १,५०० रुपये मिळतील. पूर्वी माल रोखला की भाव चढत असे. आता रोखला तर फक्त गिऱ्हाईक जातं.

आकृती काढताना याचं चित्र असं येतं: मागणीची रेषा ३० च्या वर पुसून टाका आणि त्या जागी ६०० पर्यंत आडवी रेषा ओढा. त्या आडव्या भागात किंमत आणि सीमांत प्राप्ती एकच. ६०० वर पोचताच सीमांत प्राप्ती ३० वरून एकदम शून्यावर कोसळते, कारण तिथून पुढे जुनी रेषा सुरू होते. सीमांत खर्चाची रेषा त्या उभ्या फटीतून जाते. बहुतेक विद्यार्थी इथे जुनीच सीमांत प्राप्तीची रेषा पूर्ण ठेवतात आणि उत्तर चुकतं.

आता पहिला प्रश्न. शेकडो नावाड्यांची खाडी असती तर कुणाही एकाच्या माल रोखण्यानं भाव हलला नसता. प्रत्येक नावाडी आधीपासूनच ‘दर ठरलेला आहे, किती नेऊ?’ एवढाच विचार करत असता. तिथे कमाल दर लावून कुणाचीही अडवणूक सुटत नाही, कारण अडवणूक नव्हतीच. तिथे दर उतरला की फक्त शेवटच्या, महाग पडणाऱ्या खेपा बंद होतात. तुमच्या पहिल्या प्रकरणातली टंचाई ती हीच. कमाल दर मक्तेदाराला नेमकं या नावाड्यासारखं वागायला लावतो. म्हणजे दोन्ही प्रकरणं एकच नियम सांगताहेत. सुरुवातीची जागा तेवढी वेगळी.

म्हणूनच मक्तेदारावरचा दरही फार खाली नेला की टंचाई येतेच. आपल्या लाँचचा दर हळूहळू उतरवत जा. २४ रुपयांपर्यंत प्रवासी वाढत जातात आणि ७२० होतात. तिथे शेवटच्या प्रवाशाचा खर्चही २४ च आहे. त्याखाली लगाम मागणीच्या हातून सुटून खर्चाच्या हाती जातो. २२ रुपये ठेवले तर यायला ७६० लोक तयार, पण मालक ५६० नाच नेईल, कारण ५६१ व्याचा खर्च २२ च्या वर जातो. जेट्टीवर २०० माणसं ताटकळणार. तरी ५६० हे मूळच्या ४०० पेक्षा जास्तच आहेत! रांग दिसली की लोक लगेच म्हणतात, दरबंदीनं पुरवठा घटला. रांग लागणं आणि पुरवठा घटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या पट्ट्यात पहिली खरी असते, दुसरी खोटी.

२० रुपयांना हिशोब पुन्हा ४०० वर येतो, म्हणजे मक्तेदारीत जेवढे होते तेवढेच, फक्त आता चढायची इच्छा ८०० जणांना आहे. २० हा आकडा योगायोगानं आलेला नाही. बंधन नसताना ज्या ४०० व्या प्रवाशावर मालक थांबला होता, त्याचा सीमांत खर्च २० होता. कमाल दर मक्तेदाराची किंमत आणि त्या जुन्या उत्पादनाचा सीमांत खर्च यांच्या मध्ये कुठेही असला तर उत्पादन वाढतं. इथे ती खिडकी २० ते ४० ची आहे. १८ वर आलात तर खिडकीबाहेर: फक्त २४० प्रवासी जातील आणि सहाशे किनाऱ्यावर राहतील. आणि ४५ चा फलक लावलात तर काहीच होणार नाही, फलकाच्या रंगाचा खर्च तेवढा होईल.

इतकी रुंद खिडकी असल्यामुळे दर ठरवणाऱ्याला २४ अचूक सापडलाच पाहिजे असं नाही. मक्तेदारीमुळे या खाडीवर रोज ३,२०० रुपयांचा जो फायदा कुणालाच मिळत नव्हता (ना प्रवाशाला, ना मालकाला), त्यातले २,७५० रुपये ३० च्या ढोबळ दरानंच परत येतात. निम्म्या वाटेवर थांबून शेकडा ८५ हून जास्त काम झालं. कारण सरळ आहे: पहिल्यांदा परत येणारे प्रवासी ते असतात ज्यांची किंमत आणि खर्च यांत जास्त अंतर असतं, शेवटच्या काही प्रवाशांमध्ये फारसं काही नसतं. त्यामुळे माझा कल नेहमी दर किंचित वर ठेवण्याकडे असतो. वर चुकलात तर थोडा फायदा हुकतो. खाली चुकलात तर सेवाच आटते.

वर ठेवण्याचं दुसरं कारण म्हणजे तो ३,५०० चा ठरलेला खर्च. २४ रुपयांना मालकाचा गल्ला १७,२८०, खेपांचा खर्च १४,०४०, उरले ३,२४०. रोज २६० रुपये तोटा. तो उद्या लाँच बंद करणार नाही, कारण बंद केली तर ३,५०० पूर्ण अंगावर येतात. पण इंजिन म्हातारं झालं की नवं घेणार नाही. आकृतीतला ‘सर्वोत्तम’ बिंदू आणि धंदा टिकवणारा बिंदू इथे वेगळे होतात. २५ रुपयांना ७०० प्रवासी येतात आणि रोज सव्वाचारशेहून थोडे जास्त उरतात. मी २५ लिहिला असता. ज्या धंद्यात ठरलेला खर्च प्रचंड आणि सीमांत खर्च नगण्य असतो, म्हणजे वीजवाहिन्या, नळयोजना, रेल्वेचे रूळ, तिथे हे अंतर एका रुपयाचं नसतं. तिथे सीमांत खर्चाइतका दर लावला तर कंपनी बुडते, म्हणून सरासरी खर्चाच्या आसपास थांबावं लागतं.

खाडी माझ्या मनातली आहे, म्हणून खरा दाखला देतो. अमेरिकेतल्या तुरुंगांत कैद्यानं घरी फोन करायचा तर तुरुंगानं करार केलेल्या एकाच कंपनीमार्फत. दुसरा पर्याय शून्य. वर कंपनी निवडताना अनेक तुरुंग बघायचे की कमिशन कोण जास्त देतं. म्हणजे कंत्राटासाठीची स्पर्धा दर खाली आणण्याऐवजी वर ढकलायची. काही ठिकाणी परराज्यात केलेल्या १५ मिनिटांच्या कॉलला सुमारे १७ डॉलर पडत. मार्था राइट नावाच्या आजींनी, ज्यांचा नातू तुरुंगात होता, २००३ मध्ये तिथल्या संघीय दळणवळण आयोगाकडे अर्ज केला. आयोगाचा आदेश यायला २०१३ साल उजाडलं. फेब्रुवारी २०१४ पासून आंतरराज्य कॉलवर कमाल दर लागू झाला: आधी पैसे भरलेल्या कॉलला मिनिटाला २१ सेंट, घेणाऱ्यानं पैसे द्यायच्या कॉलला २५ सेंट. त्यानंतर कॉल वाढले. काही तुरुंगांत ही वाढ ७० टक्क्यांपर्यंत गेल्याचं आयोगाच्या पुढच्या कामकाजात नोंदलं गेलं. दर उतरला आणि बोलण्याची मिनिटं वाढली. फोनच्या एका जादा मिनिटाचा खर्च अगदी थोडा असल्यामुळे २१ सेंट खिडकीच्या खालच्या कडेपासून बरेच वर होते, म्हणून रांगही लागली नाही.

पण या प्रकरणात मला जास्त शिकवलं ते पुढच्या दोन वर्षांनी. आयोगानं आंतरराज्य कॉल बांधले, राज्यांतर्गत कॉल मोकळे होते. तिथले दर काही ठिकाणी चढले. मिनिटाचा दर बांधला, पण खात्यात पैसे भरायची फी, पैसे परत घ्यायची फी, खातं चालू ठेवायची फी मोकळी होती, त्या फुगल्या. मक्तेदाराची ताकद गिऱ्हाइकाला दुसरा रस्ता नसण्यात असते, मिनिटाच्या दरात नव्हे. एक नळ बंद केला तर पाणी दुसऱ्या तोटीतून येतं. २०१५ च्या आदेशात आयोगाला या फी आणि राज्यांतर्गत दर दोन्ही आवळावे लागले. राज्यांतर्गत दरांवरची मर्यादा २०१७ मध्ये न्यायालयानं रद्द केली, कारण आयोगाला तेवढा अधिकार नाही असं ठरलं. तो अधिकार देणारा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला, आणि त्याला त्याच आजींचं नाव आहे. तोवर त्या हयात नव्हत्या.

कमिशनचा मुद्दा तुमच्या आकृतीशीही जोडून बघा. समजा एका मिनिटाचा खरा खर्च ३ सेंट आहे आणि दरातले निम्मे पैसे तुरुंगाला जातात. मग कंपनीच्या दृष्टीनं ६ सेंटच्या खालचं मिनिट तोट्याचं, कारण ६ मधले ३ तिच्या हाती येतात. खिडकीची खालची कड कमिशननं वर सरकवली. दर ठरवणाऱ्यानं कमिशन ‘खर्च’ म्हणून मान्य केलं तर मक्तेदारीचा नफाच खर्चाच्या रकान्यात बसून पुन्हा दरात येतो. मान्य केलं नाही तर तुरुंग म्हणणार की फोन ठेवण्यात आम्हाला काय रस. वर्षानुवर्षं भांडण झालं ते बरंचसं याच एका रकान्यावर. आपल्याकडेही दराच्या अर्जात मी पहिलं पान उघडतो ते मालकाच्याच नातलग कंपनीला दिलेल्या भाड्याचं आणि सल्ला-फीचं.

तुम्हाला शिकून पुढे हे काम करायचं असेल तर दर बरोबर बसलाय की नाही हे ओळखायच्या खुणा सांगतो. दर बांधल्यावर विक्री वाढली, रांग नाही आणि मालक कुरकुरतोय पण धंदा चालू आहे, तर तुम्ही खिडकीत आहात आणि कदाचित अजून थोडं खाली यायला जागा आहे. विक्री वाढली पण शेवटच्या खेपेला माणसं राहताहेत, कुणीतरी ओळखीनं चढतंय, तिकीट जादा पैशांत हातोहात फिरतंय, तर दर २४ च्या खाली गेला. विक्रीच मूळच्या आकड्याखाली आली तर खिडकी ओलांडली. आणि विक्री हलली नाही, रांगही नाही, तक्रारी मात्र वाढल्या, तर सामानाचे वेगळे पैसे, बाकांवरची फाटकी गादी आणि रद्द झालेली सकाळची खेप बघा. दर कागदावर उतरला, प्रत्यक्षात नाही. ही शेवटची खूण आकडेवारीत दिसत नाही. त्यासाठी जेट्टीवर जाऊन तिकीट काढावं लागतं, आणि आपण कोण आहोत हे सांगायचं नसतं.